या घरातलं शेवटचं काम कोणी केलं?

लातूरला आमच्या घरी प्लंबर शोधावा लागत नसे. नळ गळायला लागला की बाबा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात निरोप ठेवायचे आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी सायकलवरून पान्हा घेऊन हजर व्हायचा. त्याचा नंबर आमच्याकडे कधीच नव्हता. पुण्यात धनकवडीत भाड्याचं घर घेतलं तेव्हा मात्र पहिल्या आठवड्यात मी ठरवून नंबर गोळा करायला बसले. मोबाइलवर शोधलं तर प्लंबरांची कमी नव्हती. फोन लावला की मधे भलतीच मुलगी बोलायची, कुठला एरिया, कुठलं काम, आणि मग दहा मिनिटांत चार अनोळखी माणसांचे फोन यायचे. त्यातल्या एकालाही हे घर माहीत नव्हतं. तेव्हा मी जिना उतरून खाली काकूंकडे गेले.

आमचं घर म्हणजे बंगल्याचा वरचा मजला. खाली मालक राहतात, काका आणि काकू. करारावर काकांची सही असली तरी घर काकूंच्या ताब्यात आहे, हे किल्ल्या घेतानाच लक्षात आलं होतं. बंगला नव्वदच्या दशकातला, टप्प्याटप्प्यानं बांधलेला. आधी खालचा मजला, मग काही वर्षांनी वरचा, मग गच्चीवर पत्र्याची शेड. अशा घरात पाइप आणि वायर कुठून कुठे जातात ते नकाशावर नसतं, ते कोणाच्या तरी डोक्यात असतं. मला त्या डोक्याचा नंबर हवा होता.

मालकांना कसं विचारायचं यावर बरंच अवलंबून असतं. ‘काकू, चांगला प्लंबर आहे का हो कोणी?’ असं विचारलं की ‘आहेत की, सांगेन’ असं उत्तर येतं आणि विषय चहाकडे वळतो. शिवाय त्या प्रश्नात मालकांना एक धोका दिसतो. भाडेकरू आली नाही तोच नळांच्या तक्रारी काढायला लागली, आता खर्च आपल्या गळ्यात पडणार. म्हणून मी तक्रार नसतानाच गेले आणि विचारलं, ‘या घरातलं शेवटचं नळाचं काम कोणी केलं होतं?’

काकू चष्मा लावून आत गेल्या आणि एक जुनी डायरी घेऊन आल्या. तिच्यात माणसांची नावं नव्हतीच जवळजवळ. ‘टाकी’, ‘गच्ची गळती’, ‘मोटर’, ‘मीटर’ अशा कामांच्या नावांसमोर नंबर लिहिलेले. काही नंबर खोडून त्याच्याच बाजूला नवे.

‘प्लंबर दोन आहेत बघ,’ त्या म्हणाल्या. ‘एक मोटर-टाकीवाला. तो लगेच येतो, पण भिंतीला हात लावू द्यायचा नाही. दुसरा मामा. तो दोनदा फोन केल्यावर येतो, पण वरचा मजला झाला तेव्हा पाइप त्यानंच टाकलेत.’

‘आणि पैसे?’

‘मामा आधी सांगत नाही. नंतर सांगतो ते कमीच असतं.’

एवढं बोलणं कुठल्याही ताऱ्यांच्या रेटिंगमधून मिळालं नसतं. कोणाला कशासाठी बोलवायचं, कोण वेळ लावतो, कोणाला काय करू द्यायचं नाही, हे सगळं त्यात होतं. फोन करताना ‘खालच्या काकूंनी नंबर दिला’ असं आधी सांगायचं, हेही त्यांनी बजावलं. ते वाक्य नुसती ओळख नसतं. आलेल्या माणसाला कळतं की हे काम वाया गेलं तर एक जुनं घर हातचं जाईल.

त्याच बैठकीत मी आणखी एक मागितलं, ते म्हणजे व्हॉल्व्ह दाखवणं. नंबरापेक्षा ते जास्त तातडीचं असतं. पाइप फुटला तर प्लंबर यायला तास लागेल, तोवर पाणी बंद कुठे करायचं? काका मला गच्चीवर घेऊन गेले. टाकीतून चार पाइप निघत होते, चौघांवर चार व्हॉल्व्ह. दोन चाकाचे, जुने पितळी; दोन दांडीचे, नवे. आमच्या बाथरूमचा कुठला आणि स्वयंपाकघराचा कुठला, हे काकांनाही आठवेना. आम्ही एकेक बंद केला, खाली नवरा नळ सोडून ओरडून सांगत होता, आणि मी मार्करनं टाकीवर लिहीत गेले. एक चाक फिरेचना. बरीच वर्षं न हललेला चाकाचा व्हॉल्व्ह असाच जाम होतो. जोर लावला तर आतली दांडी तुटते आणि मग तो उघडाही राहत नाही न् बंदही होत नाही. काकांनी तो तसाच सोडला. ‘मामा आला की बदलून घेऊ’ म्हणाले, आणि पुढे खरोखर बदलला.

विजेचं काम त्या मानानं थोडक्यात आटोपलं. काकूंचा वायरमन आता साठी ओलांडलेला, शिडीवर चढत नाही, पुतण्याला पाठवतो आणि स्वतः फोनवरून सांगत राहतो. त्याच्या नंबरासोबत मी बिलाचा फोटो मागून घेतला. बिल मालकांच्या नावावर असतं, पण वीज गेली की महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवताना ग्राहक क्रमांक विचारतात. बारा आकडी क्रमांक रात्री अंधारात मालकांना उठवून विचारायचा नसेल तर फोटो बरा. आणि मुळात फोन कोणाला लावायचा हे आधी ठरवावं लागतं. मीटरपर्यंतचं काम कंपनीचं, मीटरच्या पुढचं आपलं. म्हणून वीज गेली की आधी खिडकीतून गल्ली बघायची. समोर दिवे असतील, खाली काकूंकडेही असतील, तर बिघाड आपल्या घरात आणि फोन वायरमनला.

आमच्याकडे एका सकाळी बोर्डावरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा खटका, पडला आणि वर केला की पुन्हा पडायचा. वायरमन फोनवरच म्हणाला, ‘ताई, खटका धरून ठेवू नका. सगळी बटणं बंद करा, सगळे प्लग काढा, मग खटका वर करा.’ तो टिकला. मग एकेक चालू करत गेलो, आणि गिझरचं बटण दाबताच पडला. गिझरच्या कॉइलवर क्षार साठून ती तडकली होती आणि करंट पाण्यात उतरत होता. ईएलसीबीनं त्याचंच काम केलं होतं. पुतण्यानं दुपारी येऊन कॉइल बदलली. जाताना म्हाताऱ्यानं फोनवरून आणखी एक सांगितलं, ते मी लक्षात ठेवलंय. घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले, पंखा जास्तच वेगानं फिरायला लागला, तर न्यूट्रल तुटलाय असं समजायचं आणि काही न बघता मेन बंद करायचा. अशा वेळी फ्रिज, टीव्ही जळायला काही क्षण पुरतात.

गॅसचा विषय काढला तेव्हा मात्र काकूंनी डायरी मिटली.

‘गॅसचं तुझं तू बघ,’ म्हणाल्या. ‘माझा दुसरा सिलिंडर माळ्यावर पडून आहे, हवा तर घे चार दिवस. पण माझ्या नंबरावर तुझं बुकिंग नको.’

आधी हे जरा तुटक वाटलं. नंतर कळलं की त्या अनुभवाने बोलत होत्या. आधीच्या भाडेकरूनं त्यांच्याच कनेक्शनवर सिलिंडर मागवायला सुरुवात केली होती. हल्ली सिलिंडर बुक केला की नोंदवलेल्या मोबाइलवर एक कोड येतो, तो गाडीवाल्याला सांगितल्याशिवाय डिलिव्हरी पुरी होत नाही. मोबाइल काकूंचा. काकू देवळात असल्या की गाडीवाला दारात उभा, वरची भाडेकरू फोनवर फोन लावतेय आणि काकूंचा फोन घरात चार्जिंगला. शिवाय ज्याच्या नावावर कनेक्शन, सिलिंडरची जबाबदारी त्याची. स्वयंपाकघर एकाचं आणि कागद दुसऱ्याचा ही व्यवस्था अपघात होईपर्यंतच सोयीची असते. तेव्हा प्लंबरचा नंबर मालकांकडून घ्यावा, गॅस मात्र स्वतःच्या नावावर घ्यावा, असं माझं पक्कं मत झालंय.

तरीही मालकांना एक विचारायचं असतंच: या गल्लीत कुठल्या एजन्सीची गाडी येते? प्रत्येक एजन्सीचा भाग ठरलेला असतो. मी ऑफिसजवळची चकचकीत एजन्सी बघून ठेवली होती, पण तिची गाडी धनकवडीत येतच नाही. काकूंनी गाडीचा रंग आणि एजन्सीचं नाव सांगितलं, आणि ‘मंगळवार-शुक्रवार सकाळी येते, खाली हॉर्न वाजवते’ हेही.

लातूरचं कनेक्शन माझ्या नावावर होतं. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर सोबत न्यायचा नसतो. जुन्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचे, ते अनामत परत देतात आणि टर्मिनेशन व्हाउचर देतात. एजन्सीत सगळे त्याला नुसतं टीव्ही म्हणतात. शेगडी मात्र आपली, ती सोबत आणायची. तो टीव्ही नव्या शहरातल्या एजन्सीत दाखवायचा, नव्यानं अनामत भरायची, मग नवं सबस्क्रिप्शन व्हाउचर मिळतं. यात एक खोच आहे. परत मिळते ती जुन्या कागदावर छापलेली अनामत, भरावी लागते ती आजच्या दरानं. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत १४५० वरून २२०० रुपये झाली आणि रेग्युलेटरची १५० वरून २५०. माझं कनेक्शन त्याआधीचं, त्यामुळे फरक खिशातून गेला. त्याच शहरात एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्याला हे सगळं करावं लागत नाही. कंपनी तीच असेल तर कनेक्शन नव्या एजन्सीकडे वर्ग होतं आणि सिलिंडर-रेग्युलेटर आपल्याकडेच राहतात.

कागदपत्रांत भाड्याच्या पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला करार लागला. नुसता स्टॅम्प पेपरवर लिहून सह्या केलेला करार काउंटरवरच्या बाईंनी बाजूला सारला. पुण्यात करार ऑनलाइन नोंदवून देणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडून तो वेळेत करून घेतला की गॅसच काय, पुढची पुष्कळ कामं सोपी होतात. आमच्या कराराची नोंदणी व्हायची होती तोवर आम्ही इंडक्शनवर आणि पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर भागवलं. तो सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. भाव मात्र घरगुती नसतो, त्यामुळे वरणभातावरच थांबलेलं बरं.

एजन्सीत आणखी एक गंमत झाली. ‘शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल’ असं सांगण्यात आलं. तशी सक्ती नसते. आपली आयएसआय शिक्क्याची शेगडी असली तर पुरे, त्यांचा माणूस येऊन ती तपासू शकतो. मी हे शांतपणे सांगितल्यावर विषय लगेच संपला, जणू कोणी काढलाच नव्हता. केशरी सुरक्षा पाइप मात्र मी नवा घेतला. आतून तारेची जाळी असलेला हा पाइपही पाच वर्षांनी बदलायचा असतो आणि माझा जुना त्याच्या पलीकडे गेला होता.

गाडीवाल्याचा नंबर मला कोणी दिला नाही, तो मी पहिल्याच डिलिव्हरीत घेतला. एजन्सीचा नंबर बुकिंगला, गाडीवाल्याचा ‘आज येताय का’ विचारायला. पहिल्या मजल्यावर चढवायचे त्यानं वीस रुपये वर मागितले. पावतीवरच्या किमतीत घरपोच पोहोचवणं धरलेलं असतं, त्यामुळे ते द्यायलाच हवेत असं नाही. मी दिले. तीस किलोच्या आसपासचं ओझं खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाशी पावतीवर बोट ठेवून वाद घालण्याची माझी इच्छा नव्हती. ज्यांना वाद घालायचाय ते बरोबरच आहेत.

वजनाच्या बाबतीत मात्र भीड ठेवू नये. सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. आमच्यावर १५.३ होतं. त्यात १४.२ मिळवले की २९.५ किलो भरायला हवं. गाडीवाल्याकडे काटा असणं अपेक्षित असतं, आपण मागायचा. त्याच कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात, समजा C-27. म्हणजे २०२७ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत त्या सिलिंडरची पुढची तपासणी आहे. A म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि पुढे तसंच D पर्यंत. ती तारीख उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत पाठवायचा. मग सील काढून टोपी उघडायची आणि तोंडातली रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघायचं. वर थेंबभर पाणी टाकलं की बुडबुडे येतायत का ते दिसतं. हे सगळं झाल्यावर कोड सांगायचा. आधी कोड सांगून मग वजन करायला गेलं की कागदोपत्री सिलिंडर मिळालेला असतो. कधी वास आलाच तर गाडीवाल्याला नाही, १९०६ ला फोन. तो गळतीसाठीचा क्रमांक आहे. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि विजेच्या कुठल्याच बटणाला हात नाही, पंख्याच्याही.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. खरी परीक्षा दिवाळीच्या थोडं आधी झाली, आणि ती आमच्या नव्हे, काकूंच्या स्वयंपाकघरात.

एका सकाळी काकू वर आल्या. ‘जरा खाली ये’ एवढंच म्हणाल्या. त्यांच्या ओट्याच्या वर, छताला परातीएवढा ओला डाग पडला होता आणि मधोमध थेंब धरला होता. त्याच्या बरोबर वर आमचं बाथरूम. काकूंच्या भाच्यानं फोनवरच निकाल दिला होता की वरचं अख्खं बाथरूम फोडून नव्यानं वॉटरप्रूफिंग करावं लागेल. काकू गप्प होत्या. मला ती शांतता ऐकू येत होती. तुम्ही आल्यावरच हे झालं, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला तसं वाटायला लागलं.

मामाला मी फोन केला. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या फोनवर तो आला. वर न येता आधी काकूंच्या स्वयंपाकघरात स्टूलवर चढला, डागाला बोट लावलं, आणि विचारलं, ‘रात्री पडतं का?’

कोणालाच सांगता येईना. मामाचं म्हणणं असं: थेंब चोवीस तास सारखा पडत असेल तर टाकीकडून येणारा पाइप गळतोय, कारण त्यात पाणी कायम दाबून भरलेलं असतं. अंघोळी झाल्यावर वाढत असेल, रात्री कमी होत असेल, तर सांडपाण्याचा रस्ता किंवा फरशी. हे कळल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. आणि लगेच कळणारही नाही. बाथरूमची स्लॅब खोलगट असते, तिच्यात विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा कोबा भरून वर फरशी बसवलेली असते. तो कोबा स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. गळती आज थांबली तरी खालून थेंब काही दिवस पडत राहतात. ‘दोन दिवसांत ठरवू नका ताई,’ तो म्हणाला. ‘घाईत ठरवलं की बाथरूम फुटतं.’

मग आमच्या बाथरूमला कुलूप लागलं. व्हॉल्व्ह चालू, म्हणजे पाइपात पाणी भरलेलं, पण एक तांब्याही ओतायचा नाही. आम्ही दोघं आठवडाभर खाली, काकूंच्या मागच्या अंगणातल्या न्हाणीघरात अंघोळीला जात होतो. टॉवेल खांद्यावर टाकून मालकांच्या दारावरून जायचं हे पहिल्या दिवशी अवघड वाटलं. नंतर काकू बंब पेटवून ठेवायला लागल्या, आणि छतावरच्या थेंबांवर त्यांचं आणि माझं दोघींचं लक्ष असायचं. त्या खाली पातेलं ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी मोजायच्या. पातेल्यातलं पाणी रोज कमी होत गेलं, शेवटी डाग नुसता दमट राहिला. म्हणजे पाइप संशयातून सुटला. दाबाचा पाइप गळत असता तर वापर बंद करून काहीच फरक पडला नसता.

मामा पुन्हा आला. आता दोनच संशयित उरले होते, फरशी आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून सांडपाण्याच्या पाइपात उतरतं ते भांडं. त्यानं ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबलं, बाथरूममध्ये दोन बोटं पाणी तुंबवलं आणि भिंतीच्या टाइलवर पेन्सिलनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशीही पाणी रेघेला जवळजवळ तसंच होतं आणि खाली थेंब नव्हता. म्हणजे फरशीचे सांधे ठीक. मग ते पाणी उपसून फरशी पुसून कोरडी केली, आणि एका नळीनं बादल्या थेट ट्रॅपमध्ये सोडल्या, फरशीला पाणी लागू न देता. दुपार व्हायच्या आत काकूंचा खालून आवाज आला, ‘पडलं गं!’ त्या आवाजात चक्क आनंद होता.

ट्रॅप बिडाचा होता, वरचा मजला बांधला तेव्हाचा. तो जिथे बाहेर जाणाऱ्या पाइपाला जोडलेला होता तिथला सांधा गेला होता. अख्ख्या बाथरूमऐवजी ट्रॅपभोवतीची दीड-दोन फुटांची जागा फोडली. जुना ट्रॅप काढून पीव्हीसीचा बसवला, भोवती वॉटरप्रूफिंगचे थर दिले आणि टाइल बसवण्याआधी पुन्हा पाणी तुंबवून एक रात्र ठेवलं. ही शेवटची पायरी पुष्कळजण गाळतात, कारण मजुरीचा एक दिवस जातो. टाइल बसवल्यावर गळती निघाली तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात. जुन्या हिरवट टाइल्स आता कुठेच मिळेनात, तेव्हा ट्रॅपभोवती पांढरा चौकोन झाला. तो दिसतो. काकूंना खुपतो, मला नाही.

पैशांचं बोलणं मामासमोरच झालं. तो माणूस काकूंचा, वर्षानुवर्षांचा. भाडेकरूनं ट्रॅपमध्ये काहीतरी टाकलं असं तो सहज म्हणू शकला असता आणि खर्च माझ्यावर आला असता. मालकांकडून घेतलेल्या नंबरात ही भीती असतेच. तो माणूस घर ओळखतो, पण मालकांनाही ओळखतो. मामानं काढलेला ट्रॅप उलटा करून काकांना दाखवला. गंजून पत्र्यासारखा पातळ झालेला सांधा, बोटानं तुकडा पडत होता. ‘हा या पोरांच्या आधीचा आहे,’ एवढंच म्हणाला. काकांनी पैसे दिले. मी मजुराच्या चहा-नाश्त्याचे आणि भंगारवाल्याला द्यायच्या हमालीचे दिले, तेही काकूंनी नको म्हटलं असताना.

अर्थात सगळ्यांचा मामा असा नसतो. मैत्रिणीकडे मालकांच्या माणसानं प्रत्येक वेळी वॉशर बदलून शेवटी तिच्याकडून नव्या मिक्सर नळाचे पैसे घेतले. बिघडलेला भाग हातात मागायचा, काम चालू असताना उभं राहायचं, आणि दर ठरवताना मालकांना फोनवर ठेवायचं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

अकरा महिने झाले तेव्हा करार नव्यानं करायचा होता. जुन्या मसुद्यात ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असं एक वाक्य होतं, आणि किरकोळ म्हणजे काय यावरच बहुतेक भांडणं होतात. आम्ही काकूंच्या ओट्याशी बसून ते सोडवून लिहिलं. भिंतीच्या, फरशीच्या आणि स्लॅबच्या आतलं सगळं मालकांचं. टाकी, मोटर, व्हॉल्व्ह, मीटरपासून बोर्डापर्यंतची वायर मालकांची. नळाचे वॉशर, फ्लशच्या टाकीतला फ्लोट, बल्ब, बटणं आमची. टाकी वर्षातून दोनदा धुवायची, खर्च निम्मा-निम्मा. गिझरवर अडलं. तो मालकांनी बसवलेला, पण वापर आमचा आणि कॉइलही आम्हीच बदललेली. काका म्हणाले मालकांचा लिहा, काकू म्हणाल्या वापरतं त्याचा लिहा. शेवटी वायरमनला फोन लावला. ‘भांडं गळलं तर मालकाचं, कॉइल-थर्मोस्टॅट भाडेकरूचं,’ म्हाताऱ्यानं सांगितलं, ‘आणि बोअरचं पाणी गिझरला लावू नका, म्हणजे दोघांचंही वाचेल.’ एजंटनं शेवटचा भाग करारात घेतला नाही. तो काकूंनी डायरीत लिहिला.